सीताफळाचा गर आणि ग्राहक पारखणारे दोन प्रश्न

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगररांगांतील सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र झाडावरून उतरवलेले फळ थोड्याच दिवसांत पिकून मऊ पडत असल्याने, आइस्क्रीम उत्पादकांना त्याचा गोठवलेला गर विकू पाहणाऱ्या शेतकरी गटाला कोणत्या ग्राहकामागे वेळ घालवायचा, हे हंगामापूर्वीच ठरवावे लागते. ही निवड ज्या प्रश्नांनी होते त्यांना विक्रीशास्त्रात पात्रता-प्रश्न म्हणतात, आणि ज्याच्या कोणत्याही उत्तराने विक्रेत्याचे पुढचे पाऊल बदलत नाही, असा प्रश्न पहिल्या ई-मेलमध्ये व्यर्थ ठरतो.

पैसा, निर्णयाधिकार, गरज आणि वेळ या चार गोष्टी तपासण्याची पद्धत रूढ आहे. परंतु अनोळखी माणसाला अंदाजपत्रक किंवा निर्णय घेणाऱ्याचे नाव थेट विचारल्यास ते उद्धट वाटते, म्हणून तीच माहिती आडवळणाने मिळवावी लागते. गराबाबत पहिला प्रश्न असा करता येतो: ‘आपल्याला गर कोणत्या महिन्यांत आणि महिन्याला साधारण किती किलो लागतो?’ दुसरा असा: ‘उणे 18 अंशांवर गोठवलेला नमुना चाचणीसाठी कोणत्या विभागाकडे पाठवावा?’ पहिल्यातून गरज आणि वेळ कळते, तर दुसऱ्यातून चाचणी कोण करते आणि शीतसाखळी, म्हणजे माल अखंड थंड ठेवण्याची सोय, तेथे आहे की नाही, हे उघड होते.

समजा, एका गटाची हंगामातील क्षमता 10 टन गराची आहे आणि त्याला तीन उत्तरे आली. एकाने वर्षभर दरमहा 2 टन, म्हणजे एकूण 24 टन मागितले. दुसऱ्याने डिसेंबर ते मार्च दरमहा 400 किलो, म्हणजे 1600 किलो मागून नमुन्यासाठी गुणवत्ता विभागाचा पत्ता दिला. तिसऱ्याने केवळ ‘दरपत्रक पाठवा’ असे लिहिले. येथे मोठ्या मागणीपेक्षा दुसरी मागणी आधी हाताळणे शहाणपणाचे आहे, कारण पहिली पुरवठ्याच्या आवाक्याबाहेर आहे आणि त्या ग्राहकाला मागणीचा काही भाग घेणे चालेल का, एवढेच विचारायचे उरते. तिसऱ्याने मात्र दोन्ही प्रश्न टाळल्यामुळे त्याला दर कळवून थांबावे.

तिसरा आणि चौथा प्रश्न जोडला की ई-मेल अर्जासारखा दिसू लागतो, आणि उत्तर न देणाऱ्यांत खरे गरजूही मिसळतात. म्हणून मौन म्हणजे नकार असे न मानता हंगामाच्या तोंडावर एकदा स्मरणपत्र पाठवावे. शिवाय, या दोन प्रश्नांतून ग्राहकाची गरज कळली तरी त्याची पत कळत नाही. त्यासाठी जीएसटी क्रमांकाची पडताळणी आणि पहिल्या मालासाठी आगाऊ रक्कम हे उपाय पुढील पत्रव्यवहारात स्वतंत्रपणे करावे लागतात.