चातुर्मासातलं पाणी, गॅस आणि वीज



चातुर्मास आला की आमच्या घरी रोज सुमारे दहा लिटर पाणी उकळतं. सासूबाई आणि मी, दोघीही उकळलेलंच पाणी घेतो, त्यामुळे त्यात काटकसर करायचा प्रश्नच नाही. पण ते गॅसवर उकळावं की इंडक्शनवर, यावर यंदा घरात बरीच चर्चा झाली. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "ताई, इंडक्शन स्वस्त पडतं, सगळेच सांगतात." म्हटलं, सगळे सांगतात ते सोडा, आपण वही घेऊन बसू.

अडचण अशी की गॅस आपण किलोवर घेतो आणि वीज युनिटवर. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय तुलना होत नाही. विजेचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, आणि तेवढी ऊर्जा म्हणजे ३.६ मेगाज्यूल. गॅसची उष्णता मेगाज्यूलमध्ये दिलेली असते. तिला ३.६ ने भागलं की युनिट मिळतात.

एलपीजीच्या एका किलोत साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता असते. काही ठिकाणी ४९-५० असा आकडा दिसतो. त्यात जळताना तयार होणाऱ्या वाफेतली उष्णताही मोजलेली असते, पण आपल्या शेगडीवर ती वाफ हवेत निघून जाते. म्हणून ४६ च धरावा. आपला सिलिंडर १४.२ किलोचा. १४.२ गुणिले ४६ म्हणजे ६५३ मेगाज्यूल. त्याला ३.६ ने भागलं की सुमारे १८१ युनिट. इथे कुणी भागण्याऐवजी गुणलं, तर २३५० युनिट येतील आणि गॅस ३८ पैसे युनिट पडेल. इतकं स्वस्त उत्तर आलं की समजावं, गणित उलटं झालंय.

सिलिंडर ९०० रुपयांचा धरला, तर गॅसचं युनिट पाच रुपयांना पडतं. पण इथे थांबायचं नाही. ही सगळी उष्णता भांड्यात जात नाही, बरीचशी बाजूने निसटते. नव्या शेगडीला ६८ टक्के कार्यक्षमता तरी असावी, असं आपलं भारतीय मानक सांगतं. वापरातल्या शेगडीची मी ६० धरते. म्हणजे १८१ पैकी १०९ युनिटच पाण्याला मिळतात, आणि कामी आलेलं युनिट सव्वाआठ रुपयांना पडतं. ज्योत भांड्याबाहेर येत असेल आणि कार्यक्षमता ५० वर आली, तर तेच युनिट दहा रुपयांच्या जवळ जातं.

इंडक्शनवर साधारण ८५ टक्के उष्णता भांड्यात जाते. सव्वाआठला ०.८५ ने गुणलं की सात रुपये येतात. विजेचं युनिट सात रुपयांपेक्षा स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं, महाग असेल तर गॅस. तुमच्या सिलिंडरचा दर वेगळा असेल, तर ९०० च्या जागी तो घालून बघा.

मात्र विजेचा दर कोणता धरायचा, इथेच खरी मेख आहे. एकूण बिलाला युनिटांनी भागून आलेली सरासरी इथे चालत नाही. घरगुती बिलात टप्पे असतात, आणि वापर वाढला की पुढचं युनिट महाग होतं. इंडक्शनची युनिटं तर आधीच्या वापरावर चढतात, त्यामुळे ती शेवटच्या टप्प्यातच मोजली जातात. त्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा. स्थिर आकार सोडून द्या, कारण तो तसाही भरायचाच असतो.

आमच्या बिलात हा दर ११ रुपयांच्या आसपास निघाला. दहा लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला ०.८७ युनिट उष्णता लागते. गॅसवर त्याचे सव्वासात रुपये होतात, इंडक्शनवर एका युनिटाहून थोडी जास्त वीज, म्हणजे सव्वाअकरा रुपये. रोजचा फरक चार रुपये, चार महिन्यांचा जवळजवळ पाचशे. गॅस रोज ११४ ग्रॅम लागतो, म्हणजे अख्ख्या चातुर्मासाला एका सिलिंडरला थोडा कमी.

जाऊबाईंच्या माहेरी दोघंच माणसं, वीज पहिल्या टप्प्यातच संपते. त्यांच्या आईंचा दर सातच्या खाली आला, म्हणून त्यांना इंडक्शनच परवडतं. दोघींचंही खरं निघालं! आमच्या घरी मात्र पाणी गॅसवरच उकळतंय, झाकण ठेवून, आणि ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर येऊ न देता.