सुप्यात कापूस कुठे होता?

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रविवारी दुपारी, जोहरच्या नमाजनंतर, अकरावी-बारावीच्या चार-पाच मुलांना घरी बसवतो. ही मुले हुशार आहेत. पुस्तकातला प्रश्न विचारला की पुस्तकातले उत्तर लिहून मोकळी होतात, आणि नेमके तिथेच त्यांचे शिकणे थांबते. म्हणून मी त्यांना एकच विषय धरून इतिहास, अर्थशास्त्र आणि भूगोल तिन्ही लागतील असे प्रश्न देतो. आमचे घर भुसावळचे, तेव्हा पहिला विषय कापूसच निघाला.

पहिला प्रश्न असा होता: ‘अमेरिकेत यादवी युद्ध एप्रिल १८६१ मध्ये सुरू झाले. त्या वेळी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून येत होता. मग त्याच वर्षी वऱ्हाड-खानदेशातला कापूस विलायतेला का धावला नाही?’

बहुतेकांनी तीन परिच्छेद लिहिले. एकात युद्ध, दुसऱ्यात मागणी-पुरवठा, तिसऱ्यात काळी माती. अशा उत्तराची परीक्षा सोपी आहे. भूगोलाचा परिच्छेद बोटाने झाका आणि उरलेले वाचा. उत्तराचे काही बिघडले नाही, तर भूगोल तिथे नुसता पाहुणा म्हणून बसला होता असे समजावे.

माझी भाची मात्र तारखा मांडत गेली. इंग्लंडच्या गोदामांत आधीच्या भरघोस पिकाचा साठा होता, म्हणून भाव लगेच भडकला नाही. खरी टंचाई १८६२ मध्ये जाणवली. इकडे कापूस पेरायचा तो जूनच्या पावसावर, वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन पुढे काही महिने चालणार. म्हणजे भाव वाढल्याची बातमी वेचणी संपल्यावर आली, तर शेतकऱ्याला तिचा उपयोग पुढच्या हंगामातच. त्यानंतर वाट. आगगाडी भुसावळपर्यंत येत होती, पण थळ घाटातली चढण १८६५ मध्ये खुली झाली. तोवर घाटात गाठोडी बैलगाडीवर. मुंबईहून जहाज निघाले की आफ्रिकेला पूर्ण वळसा, कारण सुएझ कालवा १८६९ चा. नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये.

‘मामू, म्हणजे रस्ता तयार झाला तोवर लग्न आटोपले होते,’ ती म्हणाली. युद्ध एप्रिल १८६५ मध्ये संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि जुलैमध्ये मुंबईचा शेअर बाजार बसला. बॅक बेच्या भरावाचे शेअर काही महिन्यांपूर्वी भल्याभल्यांनी चढ्या भावाने घेतले होते. आता त्यांना कुणी विचारेना. मी तिला शाबासकी दिली आणि एक दुरुस्ती सुचवली. भाव पडला म्हणजे कापूस जाणे बंद झाले, असे नव्हे. निर्यातीचे वजन युद्धापूर्वीपेक्षा नंतरही जास्तच राहिले. आपल्या कापसाचा धागा आखूड, म्हणून गिरणीवाल्यांची पहिली पसंती लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाला, आणि तो मिळू लागल्यावर आपल्याला भाव कमी. किती माल गेला आणि किती पैसा आला, हे दोन वेगळे आकडे आहेत. हुशार मुले बहुतेक वेळा इथे घसरतात.

घसरलो मात्र मी, आणि तेही दुसऱ्या प्रश्नावर.

तो प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षे देत आलो होतो: ‘कापसाची तेजी ओसरल्यामुळे १८७५ मध्ये दख्खनचे दंगे कसे झाले, ते स्पष्ट करा.’ मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि ते लोण पुणे-अहमदनगर भागात पसरले. तेजीत सावकाराने हात सैल सोडला, मंदीत आवळला, शेतकरी भडकला. माझे उत्तर ठरलेले होते.

भाचीने नकाशाची वही उघडली. ‘मामू, सुपे इथे आहे. पर्जन्यछायेत. इथे बाजरी, ज्वारी. सुप्यात कापूस कुठे होता? कापूस आपल्याकडे आणि वऱ्हाडात. मग वह्या आपल्याकडे का नाही जाळल्या? आणि तेजी १८६५ मध्ये संपली, तर माणसे दहा वर्षे थांबली कशाला?’

मी चहा पीत होतो, तो तसाच हातात राहिला. हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. उत्तर म्हणून माझ्या तोंडी आले ते ‘पुस्तकात असेच दिले आहे’. हेच वाक्य मुलांच्या तोंडून आले की मी चिडायचो. पुढचा आठवडा मी नीट वाचून काढला, आणि मग आम्ही दोघांनी उत्तर नव्याने मांडले.

त्या भागात जमिनीचा सारा तीस वर्षांसाठी ठरलेला होता. मुदत संपल्यावर १८६७ पासून इंदापूरसारख्या तालुक्यांत तो नव्याने आकारला गेला, आणि बराच वाढला. म्हणजे तेजीच्या काळातल्या चढ्या भावाची छाया पुढच्या साऱ्यावर पडली, पण सारा भरायची वेळ आली तेव्हा भाव उतरलेले. तेजीत रेल्वेवर आणि मुंबईत मजुरीही भरपूर होती; ती आटली. पेढ्यांकडे पैसा आखडला की त्यांच्यावर चालणारा गावचा सावकारही हात आखडतो. अशा वाटेने कापूस सुप्यात पोचतो. पण तो एकटा पोचत नाही, आणि कोरडवाहू जमीन नसती तर त्याचा एवढा घाव बसला नसता.

दहा वर्षांचे कोडे एका कायद्याने बरेचसे सुटते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच वैध ठरला. शेतकऱ्याला व्याजाच्या डोंगरापासून वाचवावे, हा हेतू. सावकाराने दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली आणि चढलेले व्याज मुद्दलात घातले. भाचीला मी गणित दिले: शंभर रुपये, महिना दोन टक्के असे धरू. तीन वर्षांचे व्याज बहात्तर, म्हणून नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी सुमारे २९६. नऊ वर्षांनी सुमारे ५०९. रोखा न बदलता साधे व्याज धरले असते तर ३१६.

‘१८६५ मध्ये नऊ मिळवा,’ ती म्हणाली, आणि वहीत १८७४ लिहून त्याभोवती गोल केला.

मी तिला सांगितले की हा आकडा आपण धरलेल्या व्याजाचा आहे, प्रत्येक घरचा नव्हे. आणि वह्याच का जाळल्या, याचे कारण मात्र त्यात दिसते, कारण कर्ज वाढत होते ते कागदावर. सरकारला १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा करावा लागला.

जुनी प्रश्नवही मी कपाटातून काढली. ‘कापसाची तेजी ओसरल्यामुळे’ हे शब्द खोडले आणि लिहिले: ‘सुप्यात कापूस फारसा पिकत नव्हता. तरी तिथल्या १८७५ च्या दंग्याशी कापसाचा काही संबंध होता का? किती, आणि कोणत्या वाटेने?’ भाचीने ते वाचले आणि म्हणाली, ‘मामू, खानदेशात का नाही झाले, तेही विचारा.’

त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. पुढच्या रविवारी मुलांनाच विचारणार आहे.