केंदूरची इहीर आणि पुस्तकातली विहीर

शिरूर तालुक्यातलं केंदूर पुण्याहून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. आपण जिला प्रमाण मराठी म्हणतो ती याच पुण्याच्या शिकलेल्या वर्गाच्या बोलीवर बेतलेली. 1831 मध्ये मोल्सवर्थचा कोश आला, मेजर कँडी यांनी शाळेच्या पुस्तकांची भाषा तपासून घडवली, आणि ते वळण पुढे पक्कं झालं. तरी केंदूरच्या घरात ‘इहीर’ आणि शाळेत ‘विहीर’ हे अंतर आजही आहे. प्राथमिक शिक्षकांना बोलींविषयी शिकवणं हे माझं काम. त्यांना मी पहिलं सांगतो ते हे, की ‘इहीर’ हा उच्चारातला आळस नाही, तो नियम आहे.

तो नियम असा. शब्दाच्या सुरुवातीला ‘वि’ आला की बोलीत ‘व’ गळतो: विळ्याचा इळा, विंचवाचा इंचू, विस्तवाचा इस्तू. ‘वे’ आला की त्याचा ‘ये’ होतो: वेलीची येल, वेड्याचा येडा. तालुक्यातली वेळ नदीसुद्धा अशीच येळ होते. पुस्तकातला ‘ए’ही ‘ये’च होतो, म्हणून एक हा ‘येक’. याउलट सुरुवातीच्या ‘ओ’चा ‘व’ होतो: ओढ्याचा वढा, ओट्याचा वटा, ओझ्याचं वझं. म्हणजे जीभ पुढे असली की ‘य’, ओठ गोल झाले की ‘व’. हे सगळ्या घरांत सारखं घडतं, म्हणून तो नियम.

आता चौथीतल्या मुलाला श्रुतलेखन घाला: ‘वेलीवरचा विंचू ओट्यावर आला.’ तो लिहितो, ‘येलीवरचा इंचू वट्यावर आला.’ वहीत तीन लाल गोल पडतात. खरं तर त्यानं ऐकलेलं वाक्य घरच्या बोलीत अचूक उतरवलं आहे. तीन चुकांच्या मागे एकच कारण आहे. ते शिक्षकाला ठाऊक नसेल, तर प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितला जातो आणि पुढच्या आठवड्यात ‘विस्तव’ आला की पुन्हा ‘इस्तू’च होतो.

‘ण’ची गोष्ट याहून बारकाईनं पाहावी लागते. जुन्या बोलीत ‘ण’ नाही. पाणी हे पानी, शेण हे शेन. मूल ‘पानी’ लिहितं तेव्हा ते बोलतं तसं लिहितं. पण काही महिन्यांनी तेच मूल ‘मणात’ आणि ‘वणात’ लिहू लागतं. शिक्षक म्हणतात, पोरगं बिघडलं. मी म्हणतो, ते शिकायला लागलं. पुस्तकाच्या भाषेत आपल्या ‘न’च्या जागी काही ठिकाणी ‘ण’ असतो, एवढं त्याला कळलं आहे. कुठे नसतो, ते अजून कळायचं आहे. या दोन चुकांना एकच उपाय चालत नाही. पहिल्या चुकीसाठी ‘ण’ ऐकायला आणि उच्चारायला शिकवायचं. दुसरीसाठी मन, वन, कान, पान असे ‘न’चे शब्द वेगळे गोळा करून द्यायचे.

इथे शुद्धलेखनाचे नियम मदतीला येत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम मुख्यतः अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाचे आहेत. ‘ण’ कुठे आणि ‘न’ कुठे, हे ठरवलं ते इतिहासानं. संस्कृत ‘पानीय’मधला एकेरी ‘न’ प्राकृतात ‘ण’ झाला, म्हणून पाणी. पण ‘पर्ण’चं प्राकृतात ‘पण्ण’ झालं आणि मराठीत त्या जोड ‘ण्ण’चा ‘न’ होऊन पान उरलं. ‘कर्ण’चा कानही तसाच. म्हणजे प्रमाण मराठीनंही एकेकाळी ‘ण’चा ‘न’ केलाच आहे. केंदूरच्या आजीनं ती वाट थोडी पुढे नेली, एवढंच.

शब्दाच्या सुरुवातीच्या त्या नियमाला मर्यादाही आहे. आजी ‘इद्या’ म्हणते, पण नातू ‘विद्यार्थी’ आणि ‘विज्ञान’ नीट म्हणतो, कारण ते शब्द त्यानं शाळेतच ऐकले. गडबड होते ती घरातून आलेल्या शब्दांत, आणि ते मोजके असतात. काही जागा मात्र खरोखर अवघड आहेत. झाडांची ओळ आणि छडीचा वळ बोलीत दोन्ही ‘वळ’च. तिथे कानावर भरवसा ठेवून चालत नाही, अर्थ विचारूनच लिहावं लागतं.

म्हणून मी शिक्षकांना फळ्यावर दोन रकाने आखायला सांगतो: घरी आणि पुस्तकात. घरचे शब्द मुलांनी सांगायचे, कुठलाही खोडायचा नाही. इहीर, इळा, इंचू एकाखाली एक आले की समोर विहीर, विळा, विंचू लिहायचे आणि विचारायचं, काय बदललं? ‘वि’चा ‘इ’ झाला, हे उत्तर मुलांकडूनच यायला हवं. मग ‘विस्तव’ पाठ करून घ्यावा लागत नाही. ‘इस्तू’ म्हणणारं मूल तो कसा लिहायचा ते ताडून पाहू शकतं. प्रमाण भाषा शिकवायलाच हवी, कारण परीक्षा, अर्ज, वर्तमानपत्र तिच्यात आहेत. पण ती शिकवायची तर मुलाची बोली आधी शिक्षकाला यायला हवी.