‘माणसाने’चा शेवट : आशा की मनाई?

नामदेव ढसाळांची ‘माणसाने’ ही कविता आपल्याकडे बहुतेक वेळा अर्धीच वाचली जाते. ‘गोलपिठा’ हा संग्रह १९७२ साली आला, त्यातली ही कविता. जयंतीच्या व्यासपीठावरून, काव्यवाचनाच्या स्पर्धेत आम्ही ती अनेकदा ऐकली आणि बहुतेक वेळा ऐकला तो शेवटचा भाग. त्या भागात सगळ्यांनी मिळून जगण्याची, अन्न वाटून घेण्याची, माणसाचे गाणे गाण्याची गोष्ट आहे. तो ऐकताना टाळ्या पडतात, पाहुणे मान डोलावतात. त्याआधीची दीड-दोन पाने मात्र कुणी मोठ्याने वाचत नाही. आम्हाला हे केवळ वेळ वाचवणे वाटत नाही. कवितेचा शेवट तोडून घेतला की त्याचा अर्थ बदलतो, आणि बदललेला अर्थ कुणाच्या सोयीचा असतो, हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न आमच्यापुढे नेमका मांडला तो दोन विद्यार्थ्यांनी. आमच्या अभ्यासवर्गात दर आठवड्याला एक मजकूर पूर्ण वाचायचा, मग बोलायचे, असा नियम आहे. त्या दिवशी ‘माणसाने’ वाचली. वाचणारी मुलगी मराठीत एम.ए. करणारी. तिच्याशी भांडणारा मुलगा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाचा, तिला ताई म्हणणारा. त्यांचे बोलणे पाच-सात मिनिटांचेच झाले, पण ते जसे झाले तसे इथे देतो.

ती म्हणाली, “शेवट आशेचाच आहे. एवढी मोडतोड झाल्यावर कवी थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण तो पुढे जातो, माणसापर्यंत येतो.”

“ताई, पण तिथे कोण येतं? जे उरतील ते. आपण उरणार का त्यात? सगळं बेचिराख झाल्यावर जे चार जण शिल्लक राहतील त्यांना सांगितलेली गोष्ट आहे ती. आपल्याला नाही.”

“अरे, पण सांगितली तर आहे ना? ज्याला काहीच होणार नाही असं वाटतं, तो सांगेल कशाला?”

“सांगतोय तेही कसं, ‘करावे’, ‘राहावे’. होईल असं एकदाही म्हणत नाही. आमच्याकडे राज्यघटनेचा चौथा भाग असतो ना, मार्गदर्शक तत्त्वांचा, तसंच हे. राज्याने अमुक करावं. नाही केलं तर कोर्टात जाता येत नाही. गावात आमची एक केस झाली, साक्षीदार फुटले, तडजोड झाली. तेव्हापासून मला ‘करावे’ या शब्दाचा राग येतो. आणि कॉलेजच्या गॅदरिंगला मला हीच कविता म्हणायला सांगितली, पण पहिला भाग काढून. आशा तेवढी म्हण म्हणे.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुला त्यांनी आशा म्हणायला लावली म्हणून कवितेत आशा नाही, असं होत नाही.”

“आणि तुला ती हवी आहे म्हणून ती आहे, असंही होत नाही.”

इथे आम्ही दोघांनाही थांबवले, कारण वाद आता कवितेवरून एकमेकांवर आला होता. पण दोघांच्याही म्हणण्यात पकडण्यासारखा एकेक धागा होता. त्या मुलाने तर नकळत कवितेची किल्लीच हातात दिली होती : क्रियापदाचे रूप.

ही सगळी कविता विध्यर्थात आहे. शीर्षकच पाहा. ‘माणूस’ नाही, ‘माणसाने’. हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही, त्याला पुढे ‘करावे’ लागते, ‘द्यावे’ लागते. विध्यर्थ काय होणार ते सांगत नाही. काय करायला हवे ते सांगतो. म्हणून शेवटात भविष्यकाळ शोधणाऱ्याला तो सापडत नाही, हे त्या मुलाचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण त्यावरून शेवट निराशेचा ठरतो का? तसे म्हणायचे तर आधीचा भागही तपासावा लागेल, कारण तोही याच रूपात आहे.

आधीच्या भागात काय आहे? माणसाने आधी स्वतःचा नाश करून घ्यावा, नशा करावी, शिव्या द्याव्यात, हाणामाऱ्या कराव्यात. मग ही हिंसा पसरत जाते. तत्त्वज्ञ, शास्त्रज्ञ, कवी एकाच गटाराच्या मॅनहोलात जातात. तिथे प्लेटो आहे, मार्क्स आहे, अशोक आहे, आणि ज्ञानेश्वर-तुकारामही आहेत. देवळे, मशिदी, चर्च पाडायला सांगितले आहे. येशू, पैगंबर आणि विष्णू यांच्या वंशजांबरोबर बुद्धाच्या वंशजांनाही फाशीची शिक्षा आहे. आपल्यातले पुष्कळ जण इथे अडखळतात, आणि व्यासपीठावर हा भाग गाळला जातो त्याचे हेही एक कारण असावे.

पण हा कुणाला दिलेला कार्यक्रम आहे का? गोलपिठा म्हणजे मुंबईच्या कामाठीपुऱ्याचा परिसर. ढसाळ त्या भागात वाढले. तिथे नशा, मारहाण, बायकांची विटंबना, भूक हे सगळे रोज घडत होते आणि प्रतिष्ठित जग ते चालू देत होते. कवी त्या घडणाऱ्या गोष्टीला नुसते ‘करावे’ जोडतो. जे जग गुपचूप होऊ देते, त्याचीच तो जाहीर आज्ञा काढतो. वाचणाऱ्याला किळस येते ती आज्ञेची. पण आज्ञेशिवाय तेच चालू होते तेव्हा किळस कुठे होती, हा या भागाचा प्रश्न आहे असे आम्ही मानतो.

आता शेवट वाचा. पुष्कळांच्या लक्षात राहतात त्या शेवटच्या गोड ओळी, पण शेवट गोडाने सुरू होत नाही. त्याची सुरुवात ‘नये’ने होते. कुणाला गुलाम करू नये, कुणाला लुटू नये, कातडीच्या रंगावरून आणि वर्णाच्या नावाने कुणाला हाक मारू नये. एकामागून एक मनाया येतात आणि त्यानंतरच कवी आकाशाकडे, जमिनीकडे, वाटून खाण्याकडे वळतो.

मनाई कशाची केली जाते? जे घडते त्याची. ज्या घरात कुणी दारू पीत नाही तिथे ‘इथे दारू पिऊ नये’ अशी पाटी लागत नाही. म्हणजे शेवटातला प्रत्येक ‘नये’ हा आजच्या एकेका गुन्ह्याची नोंद आहे. निराशा शोधायची तर ती इथे आहे, शेवटाच्या आतच आहे. ती काढून उरलेल्या दहा ओळी म्हटल्या की कविता सुविचाराची होते, आणि सुविचाराला टाळी वाजवायला कुणाचीच हरकत नसते.

त्या मुलाला आम्ही त्याच्याच विषयातले एक कलम आठवायला सांगितले. घटनेचे कलम १७ अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगते, तिचे कोणत्याही रूपातले आचरण निषिद्ध ठरवते, आणि अस्पृश्यतेतून येणारी निःसमर्थता लादणे हा शिक्षापात्र अपराध मानते. त्यात आशा कुठे आहे? मनाईच आहे. तरीही ते कलम निराशेचे आहे असे आपण म्हणत नाही. मनाई लिहिल्यावर ती राबवायला १९५५ चा कायदा लागला, मग १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागला, आणि तरी साक्षीदार फुटतात. म्हणजे मनाई लिहून काम संपत नाही, पण ती लिहिलेली नसेल तर साक्षीदार कशाविरुद्ध उभा राहणार?

आणि चौथ्या भागाबद्दल. मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून राबवता येत नाहीत हे खरे, कलम ३७ तसे स्पष्ट म्हणते. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याच आक्षेपाला उत्तर दिले होते. सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वे डावलता येणार नाहीत. न्यायालयात नाही, तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे त्याला जाब द्यावा लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे ‘करावे’मागे कोर्ट नसले तरी माणसे असू शकतात. ती असतील तर ‘करावे’ला धार येते, नसतील तर तो कागद राहतो.

त्या मुलीचा धागाही आम्ही असाच ताणून पाहिला. मराठीच्या वर्गात या शेवटाला कुणी ‘आधुनिक पसायदान’ म्हणते, तसे तिनेही म्हटले. रूपात साम्य आहेच, पसायदानही ‘द्यावे’ म्हणते. पण वाक्याचा कर्ता पाहा. पसायदानात द्यायचे आहे ते देवाने, मागणारा हात जोडून आहे. ढसाळांच्या कवितेत देव आधीच बाद झाला आहे, आणि ज्ञानेश्वरही मॅनहोलात गेले आहेत. इथे जे करायचे ते ‘माणसाने’. मागणे आणि बजावणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मागणाऱ्याला आशा लागते, कारण देणारा दुसरा असतो. बजावणाऱ्याचे आशेवाचून अडत नाही.

म्हणून आमचे मत असे झाले. शेवट आशेचा नाही, निराशेचाही नाही, तो बजावणीचा आहे. आणि आशा कुणाकडून मागितली जाते, हा प्रश्न त्या मुलाने गॅदरिंगच्या गोष्टीतून योग्यच विचारला होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच आशावादी असावे, त्यानेच माणुसकीचे गाणे म्हणावे, आणि अन्याय करणाऱ्याने टाळी वाजवून घरी जावे, ही वाटणी कवितेला मान्य नाही. ‘नये’ हे गुलाम होणाऱ्याला सांगितलेले नाही, गुलाम करणाऱ्याला सांगितलेले आहे.

“पण जे उरतील त्यांनाच सांगितलंय,” तो मुलगा शेवटी पुन्हा म्हणाला. त्यावर त्या मुलीचे उत्तर आम्हाला पटले. ती म्हणाली, “अरे, कवितेत सांगितलेला सगळा नाश आपल्या लोकांवर आधीच होऊन गेलाय. त्यानंतरही आपण इथे बसून वाचतोय. मग उरलेले म्हणजे दुसरं कोण?”

त्याने मान्य केले नाही. “उरलेले आपण असू, पण लुटणारेही उरलेत ना,” एवढेच तो म्हणाला. हेही खोटे नाही. या कवितेत दोघेही उरतात, म्हणून तर तिला ‘नये’ लिहावे लागते.

येत्या जयंतीला कुणी ही कविता म्हणणार असेल तर आमची विनंती एवढीच : पूर्ण म्हणा. वेळ कमी असेल तर दुसरी कविता निवडा. आणि शेवटाकडे आलात की ‘नये’वर आवाज खाली आणू नका.

जय भीम!