भिरभिऱ्याची रांगोळी

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. सममिती शिकवायला रांगोळी आणि कागदाच्या घड्या घ्यायच्या, हे मी पहिल्या वर्षापासून करत आले आणि पहिल्या वर्षापासून चुकतही आले. त्यातल्या तीन चुका इथे लिहिते. पहिली लहान होती, दुसरीत एक दिवस वाया गेला, तिसरी मला अजून टोचते.

पहिली चूक शब्दांची. ‘ज्या घडीने कागदाचे दोन सारखे भाग होतात ती सममितीची घडी,’ असं मी फळ्यावर लिहिलं. एका मुलाने वहीचं पान एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं दुमडलं आणि विचारलं, “बाई, हे पण दोन सारखे झाले ना?” दोन त्रिकोण खरोखरच सारखे होते. पण घडी घातल्यावर एक दुसऱ्यावर बसत नव्हता, दोन्हीकडून टोकं बाहेर डोकावत होती. माझ्या व्याख्येनुसार मुलगा बरोबर होता आणि मी त्याला “नाही, असं नसतं” म्हणून बसवलं. पुढच्या वर्षापासून मी ‘सारखे’ हा शब्दच सोडला. घडी घाल, खिडकीशी धर, उजेडात बघ, एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूवर बसतंय का? दुसरीच्या मुलाला एवढं पुरतं. आयताचं पान आणि चौरस पान दोन्ही हातात दिली की तिरपी घडी एकाला का चालते आणि दुसऱ्याला का नाही, हे मुलं आपणच बोलू लागतात.

दुसरी चूक दिवाळीच्या सुट्टीआधीची. सात ते चार ठिपक्यांची रांगोळी काढायची, तेच फूल कागदातून कापायचं आणि दोन्ही शेजारी ठेवायचं, असा बेत होता. सात ते चार म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली दोन्हीकडे सहा, पाच, चार. एकूण सदतीस. प्रत्येक ओळीचा ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पडला पाहिजे. निम्म्या मुलांनी तो थेट खाली दिला, त्यामुळे सगळी जाळी एका अंगाला कलली. ते मी सुधारून घेतलं. मुलांची रांगोळीची चिमूट जाड पडते म्हणून ठिपक्यांत चार बोटांचं अंतर ठेवायला लावलं. रांगोळीत सहा पाकळ्यांची छान फुलं उमटली.

मग कागद. मी तो दोनदा दुमडायला सांगितला, टोकाला कात्री लावली, उलगडला तर चार पाकळ्या. कुणीतरी आणखी एक घडी घातली, तर आठ. सहा काही येईनात. मी मुलांना सांगत राहिले, “नीट कापा.” मुलं नीटच कापत होती. निम्म्याच्या निम्मं करत गेलं की दोन, चार, आठ असंच वाढत जातं, त्यात सहा कधी येतच नाही. हे मला घरी निघताना एसटीत लक्षात आलं, वर्गात नाही. कार्यक्रम ठरवताना मी स्वतः एकदाही कागद कापून पाहिला नव्हता.

उत्तर आईच्या जुन्या पद्धतीत सापडलं. आई ठिपक्यांचा कागद करायची. वर्तमानपत्रावर ठिपक्यांच्या खुणा करून उदबत्तीने भोकं पाडायची, मग तो कागद अंगणात पसरून वरून रांगोळी फिरवली की सगळे ठिपके एका दमात पडायचे. मी तसा सात ते चारचा कागद घरी केला आणि वर्गात टांगला. एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, सातची ओळ तीन ठिकाणी आहे.” एक आडवी आणि दोन तिरप्या, तिन्ही मधल्या ठिपक्यातून जाणाऱ्या. मी आयुष्यभर ही रांगोळी काढली होती, पण मला फक्त आडवी ओळ दिसत होती.

त्याच ओळी घड्या झाल्या. वाटी ठेवून गोल आखायचा, त्यात सात ते चार ठिपके, गोल कापून घ्यायचा. आडव्या सातवर अर्धा दुमडायचा. आता उरलेल्या दोन ओळींवरून एक बाजू आत, दुसरी बाजू तिच्यावर. आइस्क्रीमच्या कोनासारखा आकार होतो. रुंद कडेला कमानीसारखा काप दिला आणि उलगडलं की सहा पाकळ्या. वर्तमानपत्राचा कागद घ्यावा, सहा पदर असतात आणि जाड कागदावर लहान मुलांची कात्री चालत नाही. कमान एका बाजूला कललेली कापली तर सहा सारख्या पाकळ्यांऐवजी जोडीजोडीने एकमेकींकडे झुकलेल्या पाकळ्या येतात, त्यावरून काप कुठे चुकला ते मुलांना कळतं.

हे इतकं जमलं की मी घडीच्या प्रेमातच पडले, आणि तिसरी चूक तिथेच झाली. घडीवर जे जुळतं तेच नीट, बाकी चूक, असं मी धरून चालले.

त्याच आठवड्यात आम्ही कागदाची भिरभिरी केली होती. चौरसाच्या कर्णांवर कोपऱ्यापासून मध्याजवळ येईपर्यंत काप, मग एकाआड एक टोक मध्यावर आणून टाचणी. दुसऱ्या दिवशी वऱ्हांड्यात तीच सातच्या ओळी शोधणारी मुलगी पाच बाय पाच ठिपक्यांवर भिरभिऱ्याची रांगोळी काढत होती. चार पाती, चारही एकाच दिशेला वळलेली. मी मधोमध सुतळी धरली. आडवी, उभी, तिरपी. कुठेच जुळेना. मी समोरासमोरची दोन पाती पुसली आणि उलट वळवून काढली. आता तिरप्या सुतळीवर दोन्ही बाजू अचूक जुळल्या. ती रांगोळीकडे बघत म्हणाली, “पण बाई, असं केलं तर ते फिरणार नाही.” मी म्हटलं, “रांगोळी कुठे फिरते?” आणि पुढे गेले.

संध्याकाळी दाराशी स्वस्तिक काढताना माझा हात थांबला. स्वस्तिकाला कुठूनही घडी घाला, जुळत नाही. पण पाव फेरा फिरवला की ते पुन्हा जसंच्या तसं दिसतं. तिचं भिरभिरं तसंच होतं. घडीची सममिती असते तशी फिरवण्याचीही असते, हे मला डी.एड.ला शिकवलं होतं आणि मी ते वर्गात आणलंच नव्हतं. आता मी पारदर्शक कागदावर चित्र गिरवून घेते, मध्यावर टाचणी लावते आणि वरचा कागद हळूहळू फिरवायला सांगते. पूर्ण फेऱ्यात तो किती वेळा जुळतो, ते मुलं मोजतात. स्वस्तिक चार वेळा, सात ते चारचं फूल सहा वेळा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर तिला सांगितलं की तिची रांगोळी बरोबर होती आणि मी ती बिघडवली. ती काही बोलली नाही. त्या वर्षी तिने पुन्हा भिरभिरं काढलं नाही, मी सांगूनही नाही. सगळी फुलंच काढली, मधोमध जुळणारी.

मी सुधारून दिलं होतं तसं भिरभिरं नंतर एकदा कागदाचं करून पाहिलं, दोन पाती या बाजूला आणि दोन त्या. खिडकीत वारा होता. ते फिरलं नाही.