काकांची पिशवी आणि ४३६ रुपये

खरं सांगते, 'वारसदार' हा शब्द आमच्या वयात कुणी सीरियसली घेत नाही. मीही घेत नव्हते. मग गेल्या वर्षी सिद्धेश्वरचे काका गेले. हार्ट अटॅक, वय बावन्न. पूर्णेवरच्या धरणाजवळ घर, थोडी शेती आणि कागदांची एक कापडी पिशवी. "सगळं पिशवीत हाय, काळजी करू नको," असं ते काकूला कायम सांगायचे. दहावा झाल्यावर पिशवी उघडायचं काम पुण्याहून आलेल्या 'शिकलेल्या' पुतणीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

सगळं होतं, यार! लाईटची बिलं होती, खताच्या पावत्या होत्या, जुनं रेशन कार्ड होतं. पण कामाचं काय आणि रद्दी काय, हे सांगणारा माणूस नव्हता.

पासबुकात शेवटची एन्ट्री दोन वर्षांपूर्वीची होती. काकूला घेऊन बँकेत गेले, आधी मृत्यूचा दाखला दाखवला आणि पासबुक भरून घेतलं. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. दर मे महिन्याच्या शेवटी दोन छोट्या रकमा कापल्या जात होत्या, ४३६ आणि २० रुपये. मागच्या वर्षांत याच जागी ३३० आणि १२ होते. काकूला वाटलं, बँकेचे चार्जेस असतील. ते चार्जेस नव्हते. ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा, कारण कुठलंही असलं तरी मृत्यूनंतर नॉमिनीला दोन लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, तो फक्त अपघातासाठी. काकांचा मृत्यू हार्ट अटॅकने, त्यामुळे दुसरा लागू नव्हता. पण पहिला होता. त्यात पन्नाशीच्या आत शिरावं लागतं आणि पंचावन्नपर्यंत संरक्षण मिळतं. काका शिरले तेव्हा चव्वेचाळीसचे होते.

क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, काकूचं आधार आणि तिच्या खात्याचा तपशील, एवढं त्याच शाखेत दिलं. पैसे आले. ही ओळ मी चुकून वाचली नसती तर? हा विचार अजूनही झोप उडवतो.

पण पिशवीत जे नव्हतंच, त्याचं काय? चहा प्यायला आलेला शेजारी सहज म्हणाला, "भाऊंची ठेव होती ना पतसंस्थेत?" आम्हाला पत्ताच नाही. आता रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल २०२३ पासून आहे, तिथे नाव टाकून बेवारस ठेवी शोधता येतात. पण ते फक्त त्यात सामील झालेल्या बँकांपुरतं, आणि तेही साधारण दहा वर्षं हात न लागलेल्या खात्यांचं. गावातली पतसंस्था तिथे कशी दिसणार? पतसंस्थेत जाऊन विचारलं तर ठेव निघाली. शिवाय एका कर्जाला काका जामीनदार होते, तेही निघालं. म्हणजे कागदावर देणंही लिहायला हवं, नुसतं घेणं नाही.

पुण्याला परतल्यावर एका रविवारी मी माझं पान लिहायला बसले. वर तारीख. मग प्रत्येक गोष्टीला एक ओळ: कुठली संस्था, कुठली शाखा, नंबरचे शेवटचे चार आकडे, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे. दोन सेव्हिंग खाती, पीपीएफ, म्युच्युअल फंड, टर्म प्लॅन. पिन आणि पासवर्ड अजिबात नाही, कारण हे पान दुसऱ्याच्या हाती पडण्यासाठीच आहे. त्याने फक्त दार कुठे आहे ते सांगायचं, किल्ली नको.

'नॉमिनी'च्या रकान्यात मात्र घोटाळा निघाला. एका फंडात कॉलेजच्या काळात टाकलेलं आजीचं नाव अजून तसंच! आजी २०१९ मध्ये गेली. आणि नॉमिनी म्हणजे मालक असंही नाही बरं का. जयंत साळगांवकरांच्या गुंतवणुकीवरून घरातच वाद झाला होता, त्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की शेअर्स आणि फंडांचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरतो. म्हणून पानाच्या तळाशी आणखी एक ओळ टाकली: 'मृत्युपत्र: अजून नाही.' लाज वाटली, पण खरं तेच लिहिलं.

पानाची एक प्रत आईच्या कपाटात आहे, एक धाकट्या भावाकडे. दर मेअखेरीस बँकेचा ४३६ कापल्याचा एसएमएस आला की पान काढायचं आणि खाडाखोड करायची, असं ठरवलंय. आईने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "बाबांचं पण लिही की." बाबा पेपरमागून म्हणाले, "माझं सगळं पिशवीत आहे."