काठ कुठे जातो?

नऊवारी समोरून काढणं फारसं अवघड नाही. निऱ्या, ओचा, घोट्यापर्यंतचा काठ, खांद्यावरचा पदर. जुनी चार चित्रं नीट बघितली की हाताला वळण पडतं. खरी परीक्षा पाठीची. कासोटा कमरेला खोचतात तिथे कापड किती फुगतं, तिथून काठ खाली कसा उतरतो, पोटरीपाशी कुठे वळतो, हे ज्यानं कधी नेसलेलं किंवा नेसवलेलं नाही त्याला सुचत नाही. मी आयुष्यभर मासिकांची मुखपृष्ठं आणि दिनदर्शिकांची पानं रंगवली. आता उजव्या अंगठ्याचा सांधा धरतो, ब्रश फार वेळ पेलत नाही, आणि माझं काम बदललं आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी एआयकडून चित्रं तयार करून घेते आणि छपाईला जाण्याआधी ती माझ्याकडे पाठवते. “बाई, एकदा नजर टाका.” मी नजर टाकते, आणि सगळ्यात आधी पाठ शोधते.

यंदाच्या वटपौर्णिमेचं मुखपृष्ठ घ्या. एका मासिकासाठी तिनं केलेलं. वडाभोवती चार बायका, एक खाली बसून पूजा करते आहे, दोघी सूत गुंडाळत फेरे घालताहेत, एक ताट घेऊन उभी. पहिल्या नजरेला चित्र सुरेखच होतं. रेशमावरचा उजेड असा होता की मला तो कमावायला वर्षं लागली असती. पण फेरे घालणाऱ्या दोघींतली एक आपल्याकडे पाठ करून चालत होती, आणि तिच्या पाठीवर कासोटाच नव्हता. समोरच्या बाईचे दोन्ही पाय वेगवेगळ्या कापडात दिसत होते, काठ दोन्ही घोट्यांशी सुटा सुटा. आणि तिच्याच बरोबरीनं, तशीच साडी नेसलेली ही दुसरी बाई मागून परकर घातल्यासारखी सपाट. काठ घोट्याभोवती गोल फिरून स्वतःलाच मिळाला होता. नऊवारीत हे होऊच शकत नाही. गोल मिटलेला काठ ही पाचवारीची खूण.

मी तपासते ती काठ धरून. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि ते सगळं एकच आहे. कमरेला गाठ मारायची, एका बाजूचं कापड मागून आणून उजव्या काखेखालून छातीवर, तिथून डाव्या खांद्यावर पदर. मधलं उरलेलं कापड निऱ्या करून पुढे खोचायचं. मग निऱ्यांचा खालचा मधला भाग पायांमधून मागे नेऊन काठासकट कमरेला खोचायचा. म्हणजे चित्रातल्या कुठल्याही बाईच्या घोट्यापाशी काठावर बोट ठेवलं, तर ते बोट पायाच्या आतल्या अंगानं मागे जाऊन कमरेपर्यंत पोचलं पाहिजे. पदराच्या टोकावर ठेवलं तर खांद्यावरून छातीवर, काखेखालून पाठीमागे, आणि शेवटी निऱ्यांत. मध्येच बोट अडलं, काठाचा रंग बदलला, किंवा एका काठाचे दोन झाले, तर ती साडी नेसता येणार नाही. चित्रातली साडी नेसता आली पाहिजे, यापलीकडे मला नियम नाही.

पहिल्या फेरीत विद्यार्थिनीनं सूचनेत ‘काष्टा’ हा शब्द घालून पाहिला. त्यानं पाठीवर एक मोठी गाठ आली, कमरपट्ट्यासारखी. मग तिनं फक्त पाठीचा भाग निवडून तेवढाच पुन्हा काढून घेतला. आता कासोटा आला, उत्तम आला, अगदी चुण्यांसकट. पण त्याचा काठ कमरेवरून खाली येतो तो गुडघ्याच्या मागे संपतो, आणि खाली जुना गोल काठ तसाच. तुकडा दुरुस्त होतो, कापड जोडलं जात नाही. तिनं पायाचा भाग बदलला तर पदराची बाजू बदलली. या एका पाठीनं आम्हाला इतकं झुलवलं की तिनं सुचवलं, “बाई, हिला झाडाआड नेऊ या का?” मी ऐकलं नाही. अवघड पाठ झाडाआड लपवायची सवय मी माझ्या पिढीतल्या नामांकित हातांतही पाहिली आहे, आणि ती मला कधीच मान्य झाली नाही.

शेवटी जमलं ते पेन्सिलीनं. मी पाठमोऱ्या बाईचं साधं रेखाटन केलं, नुसत्या काठाच्या रेषा: कमरेपासून खाली उतरणारी, पोटरीला वळणारी, घोट्याशी मोकळी. रेषा थरथरली, पण काठ कुठून कुठे जातो ते बिनचूक होतं. ते रेखाटन आधार म्हणून दिलं तेव्हा चित्र त्या रेषेवर आलं, आणि उरलेला चुकीचा काठ तिनं हातानं रंगवून काढला. शब्दांनी जे होत नव्हतं ते रेषेनं झालं, याचा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

माझा एक संशय आहे. हल्ली जिथे तिथे शिवलेली नऊवारी दिसते, चेन लावून चढवायची. नाचाच्या कार्यक्रमात, लग्नात, मिरवणुकीत, सगळ्या फोटोंत तीच. तिच्या निऱ्या टाचलेल्या, पायांचा भाग विजारीसारखा. यंत्रानं ज्या फोटोंवरून नऊवारी ओळखली असेल त्यांत अशाच साड्या पुष्कळ असणार. तेव्हा सगळा दोष यंत्राला देणं मला पटत नाही. साडी नेसायची सोडली आपणच.

या चुका मात्र दिसणाऱ्या आहेत. मला भीती वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या चुकांची, ज्या दुसऱ्या गावी बरोबर असतात. त्याच चित्रात ताट घेतलेल्या बाईच्या दुसऱ्या हातात बांबूचा विणलेला पंखा होता, आणि भांगातला शेंदूर नारिंगी, थेट नाकापर्यंत ओढलेला. हा बिहारचा वटसावित्रीचा साज आहे आणि तिथे तो अगदी योग्य आहे. तिथली पूजा अमावास्येला होते, साधारणपणे आपल्या पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी. झाड तेच, कथा तीच, सूत गुंडाळणंही आहे. म्हणून दोन्हीकडची चित्रं एकमेकांत मिसळतात आणि कुणालाही विचित्र वाटत नाही. सहा बोटांचा हात शाळकरी मूलही पकडेल. हा पंखा पकडायला दोन्ही पूजा माहीत लागतात. पंखा आणि शेंदूर काढला, कपाळावर हळदीकुंकू आलं, हातात हिरवा चुडा आला, आणि लाल-पिवळ्या धाग्याच्या जागी साधं पांढरं सूत.

झाडाचंही तेच. खोड वडाचं, पारंब्या वडाच्या, पण पानं टोकदार शेपटीची, पिंपळाची. वडाचं पान जाड, लंबगोल, बोथट टोकाचं असतं. शिवाय बुंध्याशी पणत्यांच्या रांगा लावल्या होत्या, संध्याकाळचा सोनेरी उजेड. वटपौर्णिमेची पूजा सकाळी होते, तीही ज्येष्ठात, बहुधा ढगाळ हवेत. मला ठामपणे वाटतं की या चित्रांनी सगळ्या सणांची दिवाळी करून टाकली आहे.

एक गोष्ट मी विद्यार्थिनीला शिकवली आणि तिचा मला फार अभिमान आहे. नथ डाव्या नाकपुडीत, पदर डाव्या खांद्यावर, आणि प्रदक्षिणेत झाड उजव्या हाताला. चित्रात या तिन्ही गोष्टी एकदम उलट्या असतील तर चित्र मुळात बरोबर आहे, मथळ्याला जागा करण्यासाठी मांडणी करणाऱ्यानं ते आरशातल्यासारखं फिरवलं आहे. परत फिरवलं की काम झालं. तिन्हींपैकी एकच उलटी असेल तर फिरवून उपयोग नाही, कारण बाकीच्या दोन बिघडतील. तिथे दुरुस्तीच करायला हवी. आमच्या चित्रात नथ आणि पदर बरोबर होते, दोघी मात्र झाड डाव्या हाताला ठेवून चालल्या होत्या. त्यांची दिशा बदलायची म्हणजे पाठमोरी बाई समोर येणार आणि समोरची पाठमोरी होणार. म्हणजे पुन्हा पाठ.

माझे एक समकालीन चित्रकार या सगळ्याला किरकिर म्हणतात. त्यांचं म्हणणं, राजा रविवर्म्यानं लक्ष्मी-सरस्वतीला साड्या नेसवल्या तेव्हा तरी कुठलं शास्त्र विचारलं होतं? 1894 साली त्याचा मुंबईचा छापखाना सुरू झाला, ती चित्रं घराघरांत गेली, आणि आता देवी म्हटलं की तोच वेश डोळ्यांसमोर येतो. तसंच उद्या हेही रूढ होईल, असं ते म्हणतात. मला हा युक्तिवाद आळशी वाटतो. रविवर्म्यानं देवीला कुठली साडी द्यायची हे स्वतः ठरवलं, त्याबद्दल वाद घाला. पण त्यानं काढलेली साडी नेसता येते, काठावर बोट ठेवून चालता येतं. धुरंधरांनी ऑटो रॉथफेल्डच्या 1920 मधल्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी जातीजातीच्या, प्रांताप्रांतांच्या बायका काढल्या, त्यांत पेहरावातला फरक बघत राहावा असा आहे. हातानं काढणारा माणूस चुकतो तेव्हा काहीतरी ठरवून किंवा न बघून चुकतो. इथे कुणी काही ठरवलेलंच नसतं, म्हणून कुणीतरी बसून बघायला हवं.

बघणाराही मर्यादेत हवा. माझ्या विद्यार्थिनीनं मागे एका कोळणीची गुडघ्यापर्यंतची साडी ‘दुरुस्त’ करून घोट्यापर्यंत आणायला घेतली होती. मी तिला थांबवलं. पेशवाई थाटाची, पाय झाकणारी नऊवारी म्हणजेच नऊवारी, असं धरून चाललं तर कोळीवाडा, घाटावरची शेतकरीण, दोघी चित्रातून जातात. चुकीचं चित्र एक वेळ चालेल, सगळ्या बायका एकाच घरातल्या दिसणारं चित्र मला चालणार नाही. त्याच मासिकाच्या संपादकांनी आतल्या पानावरच्या चित्राला हरकत घेतली: सदनिकेत, कुंडीत खोचलेली वडाची फांदी पुजणारी बाई. “वड कुठे आहे?” असा शेरा. ते चित्र शंभर टक्के खरं आहे. शहरातल्या किती घरांत पूजा अशीच होते! झाडाचं नुकसान होतं म्हणून मला ती प्रथा आवडत नाही, पण माझ्या नावडीनं चित्र चुकीचं ठरत नाही. ते ठेवा, असं मी कळवलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. मध्ये एका अंकाचं मंगळागौरीचं चित्र तिनं मला न दाखवता छापायला दिलं. अंक हातात आल्यावर मी ते भिंग घेऊन पाहिलं, चूक सापडावी म्हणून. फुगडी घालणाऱ्या मुलींच्या पाठी होत्या चित्रात, मुद्दाम घेतलेल्या. कासोटा बरोबर, काठ सलग, वेगामुळे उजव्या पायाकडे ताणलेला, जसा ताणला जायला हवा तसाच. मला वाईट वाटलं. शिकवलेलं तिला आलं याचा आनंद व्हायला हवा होता, तो दुसऱ्या दिवशी झाला. पहिल्या दिवशी फक्त इतकंच मनात होतं की त्या पाठीची पहिली रेषा माझी होती आणि चित्राखाली कुठेच माझं नाव नाही.

वटपौर्णिमेच्या चित्रात आता एकच काम उरलं आहे, बसलेल्या बाईचं. तिनं उजवा गुडघा उभा केला आहे. त्या बैठकीत काठ गुडघ्यावरून ताणून जातो, मांडीखाली दिसेनासा होतो आणि कासोटा जमिनीला टेकतो. दिसेनासा होतो तिथून तो पुन्हा नेमका कुठे बाहेर यावा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तिचं म्हणणं टाचेपाशी, माझं पोटरीपाशी. उद्या ती नऊवारी घेऊन येणार आहे. मी तिला नेसवीन आणि तशीच खाली बसवीन.